नवव्या गणिताखालची हिंट

अंबडच्या एका कॉलेजात मी बारावीला गणित शिकवायचो. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग रिकामा व्हायचा. म्हणून लिमिटची एक सरावपत्रिका सायक्लोस्टाईल यंत्रावर छापून मी पोरांना घरी दिली. सुरुवातीला नुसती किंमत घालायची गणितं होती, पुढं शून्य भागिले शून्य येणारी, आणि प्रत्येकाखाली एक हिंट. नववं होतं, x शून्याकडे जाताना (√(x+4) − 2)/x. हिंट अशी की अंश आणि छेद √(x+4) + 2 नं गुणा.

वेचणीहून परतलेल्या एका मुलीनं √(x+4) लाच t मानलं होतं. मग x म्हणजे t² − 4, t जातो दोनकडे, t − 2 कटतो आणि 1/(t+2) उरतं. उत्तर एक चतुर्थांश. बिलकुल बरोबर.

"हिंट सोडून हे कुठून आणलंस? कुणाचं उतरवलंस?" मी भर वर्गात विचारलं.

"कुणाचं न्हाई सर. मीच केलं."

"खोटं बोलू नको."

ती खाली बसली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. पुढं तिचं लग्न झाल्याचं कळलं.

वर्षअखेरीस सरावपत्रिकांचा गठ्ठा आवरताना तिचा कागद हाती लागला. नवव्या गणिताखाली शाई उठलीच नव्हती. हिंटची जागा कोरी होती.

पुढच्या वर्षी नवी स्टेन्सिल कापली, तेव्हा नवव्याखाली मी तिचीच रीत घातली. पोरांना ती सोपी गेली. एकानं विचारलं, "सर, ही तुम्ही काढली का?"

मी हो म्हणालो.