माझ्या अक्षरातला शेरा

महाराष्ट्र राज्य होऊन चारदोन वर्षं झाली असतील, तेव्हा मी बुलढाण्याला कार्यकारी अभियंता होतो. जळगाव जामोद तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला एका मातीच्या तलावाचं काम चाललं होतं. त्या कामाचा प्रमुख एक उपअभियंता होता. त्याचं गाव देऊळघाटच्या बाजूला. घर बौद्ध, आईबाप मजुरीवर जाणारे. शिष्यवृत्तीवर नागपुरात शिकून तो या खात्यात आला होता. एप्रिल-मे महिन्यात त्याचा वर्षाचा गोपनीय अहवाल लिहिणं माझं काम होतं. तो मी कसा लिहिला, ते सांगायचं आहे. आजवर घरातही बोललो नाही.

तलावाचं काम दोन हंगामांत संपवायचं ठरलं होतं. पहिल्या हंगामात त्यानं पायाचा चर आणि दोन्ही काठांकडचा बांध उरकला. मधे नाल्याचं पात्र मोकळं ठेवलं होतं. ते पात्र शेवटी भरतात, त्याला घळभरणी म्हणतात. घळभरणी एकदा सुरू केली की पाऊस यायच्या आत बांध सुरक्षित उंचीला न्यावाच लागतो आणि जादा पाणी जायला सांडवाही तयार लागतो. नाही तर पहिल्या मोठ्या पुरात पाणी बांधावरून जातं आणि मातीचा बांध चिखलासारखा वाहून जातो. खालच्या अंगाला एक वस्ती होती.

दुसऱ्या हंगामात दिवाळीनंतर त्या भागातले एक वजनदार पुढारी मला भेटले. आणखी दोन गावांच्या शेतांना पाणी हवं होतं. अधीक्षक अभियंत्यांचा, म्हणजे माझ्या साहेबांचा, फोन त्यांच्या आधीच येऊन गेला होता. मी जीप काढली आणि कामावर गेलो.

"बांधाची उंची तीन फूट वाढवा," मी उपअभियंत्याला म्हणालो. "कालवाही पुढे न्यायचाय."

तो बांधाकडे बोट दाखवत म्हणाला, "उंची तीन फूट वाढली तर खालचा पायाही दोन्हीकडून रुंद होते, साहेब. माती किती तरी जास्त लागंल. बुडीत क्षेत्र वाढंल, त्याची जमीन घ्यायची नवी नोटीस काढा लागंल. सुधारित अंदाजपत्रक मंजूर होऊ द्या. मंग मी हात घालतो."

"मंजुरी मागून येईल. काम थांबवू नका."

"मंग आदेश वहीत लिहून द्या साहेब. मले लेखी पाह्यजे."

कामावर एक वही असते. भेटीला आलेल्या अधिकाऱ्यानं आपल्या सूचना तिच्यात लिहायच्या असतात. त्यानं ती माझ्यापुढे धरली. मी म्हणालो, "कार्यालयातून पत्र पाठवतो," आणि जीपमध्ये बसलो. पत्र पाठवलं नाही. आठवड्याभरात त्याचंच पत्र आलं. 'आपण प्रत्यक्ष भेटीत दिलेल्या तोंडी आदेशानुसार उंची वाढवण्याचं काम हाती घेत आहे, कृपया लेखी खातरजमा व्हावी.' त्याखाली मुदतीवर काय परिणाम होईल हे चार ओळींत स्पष्ट लिहिलं होतं. मी ते फाइलला लावलं नाही. टेबलाच्या खणात ठेवलं.

पुढे सगळं त्यानं लिहिल्याप्रमाणेच घडलं. रुंदावलेल्या पायाखाली नवा चर खणताना फुटका खडक लागला, तेव्हा तो चर आणखी खोल न्यावा लागला. वाढीव बुडितातल्या शेतकऱ्यांनी हरकती घेतल्या. सांडव्यासाठी सिमेंटचा परवाना उशिरा आला. दर महिन्याला त्याचा अहवाल यायचा. कोणत्या कारणानं किती दिवस गेले, त्यातले आपल्या हातातले किती आणि बाहेरचे किती, हे त्यात वेगवेगळं लिहिलेलं असायचं. आपल्या चुकाही तो लपवत नसे. एकदा रोलर नादुरुस्त झाला आणि सुटा भाग वेळेवर मागवला नाही, तेव्हा 'हे नऊ दिवस माझ्या ढिलाईनं गेले' असं त्यानं स्वतःच लिहिलं होतं. तसं लिहिणारा माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी तो बुलढाण्याला आला. माझ्या टेबलावर त्यानं एक मोठा कागद पसरला. भरायची उरलेली माती, रोलरनं रोज होणारी तिची दबाई आणि उरलेले दिवस, असा हिशेब त्यावर होता.

"यंदा घळभरणी करू नये साहेब," तो म्हणाला. "बांध निम्म्यावर राहील आणि पाऊस येईल. पात्र मोकळं ठेवतो, सांडवा पुरा करतो. येत्या दिवाळीनंतर घळ भरू."

"वर काय सांगू? उद्घाटनाचं बोलणं झालंय."

"खरं तेच सांगा. माह्या सहीनं सांगा पाह्यजे तर."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मी ते मान्य केलं आणि घळभरणी थांबवली. तेवढं एक काम माझ्या हातून नीट झालं. पण थांबवल्याचं पत्र लिहिताना मी 'उपअभियंत्याच्या अहवालावरून' असं लिहिलं आणि कारणांच्या यादीतून माझा तोंडी आदेश वगळला.

नंतर त्यानं जे केलं ते मला त्या वेळी आगाऊपणाचं वाटलं. दोन्ही गावांत जाऊन त्यानं लोकांना चावडीवर बोलावलं. यंदा पाणी मिळणार नाही, कारण काय, पुढच्या साली कधी मिळेल, सगळं सांगितलं. मी तेव्हा त्याच भागात दौऱ्यावर होतो म्हणून सभेच्या शेवटी जाऊन बसलो. एक म्हातारा उठून म्हणाला, "काऊन साहेब, मागच्या मईन्यात तर पुढारी म्हणत होते का यंदाच पाणी येते?"

"त्यायनं काय सांगतलं ते त्यायले इचारा, बाबा," तो म्हणाला. "माह्या हातात बांध हाय. तो अर्धा हाय. अर्ध्या बांधाच्या भरवशावर तुमी गहू पेरू नोका."

"मंग जवारीच पेरतो," म्हातारा म्हणाला आणि खाली बसला. कोणी भांडलं नाही. लोक उठून गेले. मी बाहेर येऊन त्याला म्हणालो, "मला विचारायचं होतंत."

"विचारलं होतं साहेब. दोन पत्रं धाडली. पेरणीचं बियाणं लोक आता ठरवून राह्यले, म्हणून थांबलो नाही."

पत्रं आली होती. मी उत्तर दिलं नव्हतं.

चावडीवरचं बोलणं पुढाऱ्यांच्या कानावर गेलं. एप्रिलमध्ये साहेबांनी मला बोलावून घेतलं. चहा मागवला. माझ्या बढतीचा विषय त्यांनी आपणहून काढला आणि आपणहून सोडून दिला. मग म्हणाले, "त्या तलावाच्या उशिराला कोणीतरी जबाबदार असेलच. अहवालात ते दिसलं पाहिजे. नाहीतर मला तुमच्या अहवालात लिहावं लागेल."

त्या काळी गोपनीय अहवाल इंग्रजीतच लिहीत. फॉर्मवर रकाने असत. काम पार पाडण्याची क्षमता, वरिष्ठांशी वागणूक, जनतेशी संबंध, सचोटी. मी एका दुपारी दार लावून बसलो. कामाच्या रकान्यात लिहिलं, 'ठरलेल्या मुदतीत काम पूर्ण करण्यात अपयशी.' पुढे लिहिलं, 'मंजुरी नसताना कामाच्या व्याप्तीत बदल केले.' जनतेशी संबंध या रकान्यापाशी मी बराच वेळ थांबलो. शेवटी लिहिलं, 'वरिष्ठांना विश्वासात न घेता लोकांना माहिती देतो. अविचारी.' सचोटीपुढे 'संशयातीत' लिहिलं. तेवढं लिहून आपण न्याय केला असं मला वाटलं, हेही सांगितलं पाहिजे.

तो दुसऱ्या घरातला असता, माझ्यासारख्या घरातला असता, तर हे शब्द मी लिहिले असते का? तेव्हा मी स्वतःला हे विचारलं नाही. आता विचारतो आणि मला उत्तर माहीत आहे.

साहेबांनी अहवालाखाली 'सहमत' लिहून सही केली. नियमाप्रमाणे प्रतिकूल शेरे त्याला लेखी कळवले गेले. त्यानं मुदतीत निवेदन केलं. अडीच पानांचं, एकही शब्द चढा नाही. उंची वाढवण्याचा आदेश कोणी, कधी, कुठे दिला, आपण खातरजमेचं पत्र कधी पाठवलं, त्याचा जावक क्रमांक काय, सगळं होतं. ते निवेदन अभिप्रायासाठी माझ्याकडेच आलं. पद्धतच तशी होती. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच विचारायचं.

त्याच दिवशी तो भेटायला आला. बसा म्हणालो तरी उभाच राहिला.

"ते पत्र तुमच्यापाशी हाय ना साहेब?"

"शोधावं लागेल," मी म्हणालो.

"मले बाकीचं काही नको. उशीर झाला हे लिहा, झालाच हाय. लोकायले सांगतलं हेही लिहा. पण मंजुरी नसताना मी आपल्या मनानं बांध वाढवला, एवढं खोडा. उद्या कोणी मले कामावर ठेवणार नाही."

मी पाहतो म्हणालो. त्यानं नमस्कार केला आणि गेला. पत्र माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर खणात होतं. दोन दिवसांनी मी अभिप्राय लिहिला, 'या कामाच्या फाइलवर असं पत्र आढळून येत नाही.' त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. फाइलला लावलंच नव्हतं, तर आढळणार कुठून?

निवेदन फेटाळलं गेलं. त्याच वर्षी त्याला वेतनश्रेणीतला कार्यक्षमता रोध, म्हणजे चांगल्या अहवालांशिवाय पुढची पगारवाढ मिळत नाही तो टप्पा, पार करायचा होता. तो अडला. त्याला तलावाच्या कामावरून काढून सर्वेक्षणाच्या कचेरीत बसवलं. पुढच्या हंगामात दुसऱ्या उपअभियंत्यानं घळभरणी केली, या पहिल्याच्याच कागदावरच्या हिशेबानं, एक आकडाही न बदलता. तलाव वेळेत झाला. त्या नव्या माणसाच्या अहवालात मी 'उत्कृष्ट' लिहिलं. त्याला पूर्ण आराखडा मिळाला होता, संपादित जमीन मिळाली होती, तयार सांडवा मिळाला होता. माझी बढती झाली.

बऱ्याच वर्षांनी मलकापूर स्टेशनावर तो भेटला. मुलीच्या सासरी निघाला होता. अजून उपअभियंताच होता. मी त्याला बाकावर बसवलं आणि म्हणालो, "पत्र माझ्याकडे होतं."

"माहीत होतं साहेब," तो म्हणाला. "आवक लिहिणारा कारकून आमच्याकडचाच होता. पत्र तुमच्या खणात गेलं हे त्यानंच सांगतलं."

"मग वर का नाही कळवलंत?"

"त्याची नोकरी गेली असती."

मी अहवाल दुरुस्त करायला लिहितो म्हणालो, तेव्हा त्यानं मान हलवली, होकाराची की नकाराची ते कळलं नाही. त्याची गाडी लागली. मी त्याची पिशवी उचलायला गेलो, पण त्यानं ती आधीच उचलली होती.

मी लिहिलं. निवृत्तीच्या आधी, पत्राची प्रत जोडून, स्वतःच्या सहीनं. उत्तर आलं की प्रकरण अंतिम झालेलं आहे, निवेदनाची मुदत टळून गेली आहे, आणि अहवाल लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला आपला शेरा मागाहून बदलता येत नाही. ते उत्तर मी त्याला पाठवायचं ठरवलं. पत्त्यासाठी चौकशी केली तेव्हा कळलं की तो त्याच वर्षी उन्हाळ्यात वारला. पावसाळ्यात तलाव भरतो असं म्हणतात. मी कधी पाहायला गेलो नाही.