पाटाची तारीख

माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. बायको म्हणायची, तुम्ही तलाठी झालात हे बरंच झालं, नाहीतर लोकांनी नाक खुपसतो म्हणून मारलं असतं. पनवेलच्या खाडीकडच्या तीन गावांचं दप्तर माझ्याकडे होतं. कुणाच्या बांधावरून कुणाचं बिनसलंय, हे मला घरच्यांच्या आधी कळायचं. पण भामा चावडीवर आली तेव्हा मात्र मीच उघडा पडलो.

साल एकोणसाठ. आनंदा नावाचा आगरी म्हातारा वैशाखात वारला. उभा जन्म मिठागरावर राबून त्यानं पावणेतीन एकर भाताची जमीन विकत घेतली होती. वडिलोपार्जित गुंठासुद्धा नव्हता, सगळी स्वतःच्या घामाची. मृत्युपत्राचं नाव त्यानं काढलं नव्हतं. थोरला महादेव दोन वर्षांपूर्वी तापानं गेला होता, त्याला मूलबाळ नव्हतं. मागे धाकटा बळीराम, तळोज्याला दिलेली मुलगी गोदू आणि महादेवची बायको भामा.

पंधराव्या दिवशी बळीराम बाप वारल्याची वर्दी घेऊन आला आणि मी सवयीनं वारस म्हणून त्याचं एकट्याचं नाव फेरफारात लिहिलं. एक मुलगा जिवंत, संपला विषय. वीस वर्षं हेच करत आलो होतो. नवा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती, त्याचं परिपत्रक टेबलाच्या खणात होतं आणि मी त्यावर चहाचा पेला ठेवत होतो.

आषाढ लागताना भामा आली. तोवर तिचा पाट लागला होता. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, आगरी समाजात ती रीतच आहे. म्हाताऱ्यानं स्वतःच आपटा गावचा रामू तिच्यासाठी बघितला होता. "सून म्हातारी होईस्तवर माझ्या चुलीपाशी कशाला बसेल?" असं तो चारचौघांत बोलायचा.

"तलाठी आप्पा, सासऱ्याच्या जमिनीत माझं काय हाय?" तिनं उभ्या उभ्याच विचारलं.

"तुझं काय असणार बाई? तू आता आपट्याची."

"पाटाच्या आधी विचारलं असतं तर?"

आजवर हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर येत नसलं की मला झोप लागत नाही. दुसऱ्या दिवशी परिपत्रक घेऊन मी पनवेलला कोर्टाजवळच्या वकिलाकडे गेलो. तो हसला. म्हणाला, "मृत्युपत्र नसेल तर आधी मेलेल्या मुलाची विधवासुद्धा पहिल्या वर्गातली वारस. महादेव जिवंत असता तर त्याला जो वाटा मिळाला असता तो त्याच्या शाखेला. मूल नाही, म्हणजे तो सगळा भामाचा. तीन सारखे वाटे, बळीराम, गोदू, भामा. आणि जुन्या कायद्यासारखा जन्मापुरता नाही, पूर्ण मालकीचा."

"पण तिचा पाट लागलाय हो."

"कधी? सासरा मेला त्या दिवशी ती विधवा होती का, एवढंच बघायचं. त्याच्या आधी लग्न केलं असेल तर सासऱ्याकडून तिला काही नाही. नंतर केलं असेल तर आलेला वाटा कुणी काढून घेऊ शकत नाही."

मी परत येऊन माझीच नोंद चुकली असं वर कळवलं आणि तिघांच्या नावांची नवी नोंद घालून नोटिसा काढल्या. स्वतःची चूक स्वतःच्या हातानं लिहिताना फार जड जातं, पण लिहिली. गोदूनं निरोप धाडला, जे नशिबात येईल ते येऊ दे. बळीराम मात्र तणतणत आला. "दुसऱ्याच्या घरातली बाई माझ्या बापाच्या शेतात वाटा घेणार? आमी हरकत घेणार."

हरकतीत त्यानं लिहिलं, भामाचा पाट वैशाखातच लागला, बाप जायच्या आठ दिवस आधी. हे त्याला पनवेलच्या कुणा अर्जनवीसानं शिकवलेलं, मला कागद बघूनच कळलं. पण कळून उपयोग काय? मरणाची नोंद पोलीस पाटलाच्या वहीत असते. पाटाची नोंद कुठेच नसते. चार माणसं जमतात, साडी नेसवतात, कुंकू लावतात, झालं. आणि बळीरामानं दोन साक्षीदार उभे केले होते.

सुनावणीला मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून गावात आले. तक्रारीची नोंद त्यांनीच निकालात काढायची असते. चावडीत गाव लोटला. भामा खांबाला टेकून बसली होती, हात मांडीखाली दाबून. तिला ती जमीन का हवी होती, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. "रामू मिठागरावर रोजानं जातो," ती म्हणाली होती. "उद्या त्याचं काय झालं तर मी पुन्हा कुणाच्या तोंडाकडं बघू?"

साक्षीदारांनी पढवलेलं सांगितलं. भामा एवढंच म्हणाली, "मामंजी गेले तवा मी त्या घरातच होते." तिच्या बाजूनं बोलायला आपट्याची माणसं आली नव्हती, भाताची लावणी सुरू होती. साहेब मान हलवत लिहीत होते.

तेवढ्यात शेजारची कृष्णाबाई उठली. पंचाहत्तरीची म्हातारी, जिभेला हाड नाही.

"बळीराम, पाट आधी लागला म्हणतोस. मंग म्हाताऱ्याचं सुतक भामानं पाळलं नाय म्हण की. थोरली सून असून घराचं सुतक बाटवलं, असंच ना? तुझ्या घरात असं झालं?"

"तोंड सांभाळ," बळीराम उसळला. "माझ्या घरात सुतक बाटवणारी सून नाय. धा दिवस ती कोपऱ्यात बसली होती, सगळ्या गावानं बघितलंय. पाट ठरल्या दिवशी होणार होता, तो मी ढकलला. बाप गेला त्याच सांजेला कोतवाल दयारामाला आपट्याला धाडला, म्हटलं, घरात सुतक हाय, पाट पुढं घ्या."

दारात उभा दयाराम खाली बघून म्हणाला, "व्हय साहेब. मीच गेलतो."

बळीरामाला आपण काय बोललो ते दोन क्षणांनी उमगलं. घराची रीत सांभाळायला गेला आणि हरकत स्वतःच बुडवली. साहेबांनी त्याचं बोलणं अक्षरशः लिहून घेतलं, त्याच्याकडूनच सही घेतली आणि नोंद प्रमाणित केली.

रिवाजाप्रमाणे मी ती वाचून दाखवली. बळीराम आनंदा, गोदूबाई, आणि "भामाबाई, मयत महादेव आनंदा यांची विधवा."

"परत वाचा," भामा म्हणाली.

मी परत वाचलं. अंगठा लावायला पुढे केलेला हात तिनं मागे घेतला. "आपट्याच्या घरात त्याचं नाव काढायची सोय नाय," ती म्हणाली. "मला वाटलं पाटानं पुसलं. कागदात हाय ते. माझ्यामुळं हाय." आणि ती सगळ्यांसमोर मोठ्यानं रडली. मला ओशाळल्यासारखं झालं, कारण पहिल्या खेपेला ते नाव मीच वगळलं होतं.

बळीराम दारात थांबला होता. भावाचं नाव ऐकून त्याचाही चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "वयनी, तुझ्या वाटणीची लावणी कोण करणार?"

भामानं पदरानं डोळे पुसले. "तूच कर," ती म्हणाली. "अर्धं भात माझ्या घरी पोचव. आणि येताना महादेवाबद्दल दोन शब्द बोलत जा."