देव्हाऱ्याच्या खांबावरचं गंध

शुभ्राला घडवता यायचं, विकता येत नव्हतं. आखातात, रीम आयलंडवरच्या इंटिरियरच्या ऑफिसातली नोकरी गेली आणि तिने मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी बसून गेमसाठी थ्रीडी मॉडेल्स करायला घेतली. ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकार घडवायचा, सबस्टन्स पेंटर नावाच्या दुसऱ्यात रंगवायचा, ऑनलाइन बाजारात मांडायचा. नक्षीचा खंजीर केला, महालाचा दरवाजा केला, अगदी जीव ओतून! कुत्रंही विचारेना. मग वैतागून तिने गंजके एसी आणि चेपलेले कचऱ्याचे डबे असा एक सेट टाकला, तर तो धडाधड खपला. गेमवाल्यांना नवंकोरं नको असतं हो. त्यांना खोल्या भरायला सामान लागतं, आणि तेही वापरलेलं, डागाळलेलं.

म्हणून तिने ‘भारतीय घर’ असा सेट काढला. कुकर, पोळपाट, स्टीलचे डबे. आणि मधोमध घरचा देव्हारा.

या देव्हाऱ्याची एक गंमत होती. शुभ्राचे बाबा, मुरलीधर, रोज पूजा झाली की बोटाला उरलेलं लाल गंध उजव्या खांबाला पुसायचे. आई, म्हणजे अपर्णाताई, वर्षानुवर्षं ओरडल्या, “अहो, फडकं काय शोभेला ठेवलंय?” बाबा हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसायचे. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. तेव्हापासून अपर्णाताई सगळा देव्हारा पुसतात, तेवढा खांब सोडून.

आई शाळेत शिकवायला गेलेली असताना शुभ्राने देव बाजूला ठेवले, पडदे ओढले, कारण उन्हाची सावली फोटोत आली की ती मॉडेलवर कायमची चिकटते. चहूबाजूंनी फोटो काढले, त्यांतून मॉडेल उभं केलं, गेम अडखळू नये म्हणून हलकं केलं. सगळं चोख. फक्त बाबांची बोटं फिकट दिसत होती. जाहिरातीच्या छोट्या चित्रात उठून दिसावीत म्हणून तिने तो लाल रंग गडद केला. आईला विचारायचं राहिलं. राहिलं कसलं, तिने विचारलंच नाही.

सेट तुफान चालला. “डाग किती खरे!” असं गिऱ्हाइकं लिहायची.

मग गणपतीत दोघी अनुराधामावशींकडे आरतीला गेल्या. आरती झाली, मोदक झाले. मावशींची मिहिका मैत्रिणीबरोबर हॉलमधल्या टीव्हीवर भुताचा गेम खेळत बसली. अंधारी खोली, कोपऱ्यात मुडदा, आणि भिंतीला तो देव्हारा. खांबावर लाल बोटं.

“लुक, ब्लड!” मिहिका ओरडली. “समबडी वॉज ड्रॅग्ड फ्रॉम हिअर!” तिने बटण दाबलं, गेममधल्या माणसाने लाथ घातली आणि देव्हारा उलटा पडला.

अपर्णाताईंच्या हातातली वाटी तशीच राहिली. “शुभ्रा, हा आपला ना गं?”

“हो.”

“तिथे कसा गेला?”

सगळ्यांसमोर काय सांगणार? गाडीत बसल्यावर सांगितलं. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “मग सांग त्यांना, काढा म्हणावं.”

“नाही सांगता येत, आई. रॉयल्टी-फ्री लायसन्स आहे. एकदा घेतलं की ते कुठल्याही गेममध्ये वापरू शकतात, बदलू शकतात, कायमचं. फक्त ती फाईल तशीच्या तशी पुढे विकायची नाही, बस. मी दुकानातून सेट उचलला तरी ज्यांनी आधी घेतलाय त्यांच्याकडे तो राहणारच.”

“आणि हे तुला आधीच माहीत होतं?”

“हो.”

“बाबांच्या बोटांचंही?”

शुभ्राने त्याच संध्याकाळी सेट उतरवला आणि त्या भुताच्या गेमवाल्यांना हातापाया पडून मेल लिहिली. उत्तर सभ्य आलं: आम्ही अटी पाळल्या आहेत, आणि सुंदर कामाबद्दल आभार. चूक त्यांची नव्हतीच, तिलाही ठाऊक होतं. राग आला तो स्वतःचाच.

आई रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शुक्रवारी सकाळी शुभ्रा उठून हॉलमध्ये आली तेव्हा अपर्णाताई देव्हाऱ्यापुढे बसल्या होत्या. बाजूला साबणाचं पाणी, हातात भांड्यांची घासणी. उजवा खांब घासून घासून लख्ख झाला होता.

“आई! अगं, बाबांचं...!”

“ते आता जगभर आहे ना,” अपर्णाताई म्हणाल्या, “मग इथे कशाला?”

त्यांनी कोरड्या फडक्याने खांब पुसला आणि एकेक देव जागेवर ठेवला. देव्हारा आता अगदी नवाकोरा दिसत होता. शुभ्राच्या त्या पहिल्या, न खपलेल्या मॉडेल्ससारखा.