पेशकारांचं घड्याळ आणि खाडीचं पाणी

अंबडच्या कचेरीतले पेशकार दीनानाथराव म्हणजे घड्याळाचा माणूस. कचेरीचं घड्याळ मागं पडलं तर ते यांच्या खिशातल्या घड्याळावर लावायचे. १९३८च्या पौषात त्यांनी वीस दिवसांची रजा काढली आणि बायको ताराबाईच्या खोकल्यासाठी तिला कोकणातल्या एका बंदराच्या गावी नेलं.

उतरले एका नाखव्याच्या घरी. नाखव्याची बायको नंदाबाई रोज ताजं रांधायची. कधी मांदेली तळलेली, कधी ओहोटीला वाळूतून वेचलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांचं कालवण. सांजेला दोघं किनाऱ्यानं फिरायची. ताराबाईचा खोकला खरंच उतरला. द्वादशीला सकाळी दहाला खाडी काठोकाठ भरलेली आणि माणसं-माल नेणाऱ्या होड्या, पडाव, डुलत असलेले पाहून रावांनी वहीत लिहिलं: दहाला भरती. झालं, समुद्रही कचेरीत हजर करून घेतला!

द्वादशीपासून पाचव्या दिवशी सांजेला तार आली. अंबडला ताराबाईची आई अत्यवस्थ होती, लवकर निघा म्हणून भावानं कळवलं होतं. मुंबईची आगबोट दुसऱ्या दिवशी दहाला खाडीच्या तोंडाबाहेर थांबणार होती, त्यानंतरची थेट तीन दिवसांनी. नाखवा मासेमारीला गेलेला.

नंदाबाई म्हणाली, "उद्या दुतिया हाय. सकाळी पानी नसंल. पहाटंच वाळूनं चालत तोंडापाशी जा, तिथनं होडी भेटंल."

"कोसभर वाळूनं? हिचा खोकला आत्ता कुठं उतरलाय, वर ट्रंक," राव म्हणाले. "दहाला पाणी बराबर असतं, धक्क्यावरनं पडावानंच जाऊ. मी लिहून ठेवलंय."

"पानी रोज दोन घटका उशिरा येतं, साहेब."

"चालत जाऊ न," ताराबाई हळूच म्हणाली. पण राव बाईमाणसांचं ऐकून वही खोटी पाडतील काय?

साडेनऊला दोघं धक्क्यावर आली. खाडीत नुसता चिखल, आणि पडाव त्यात कुशीवर पडलेला. राव धोतर खोचून ढकलायला उतरले ते मांडीपर्यंत रुतले. पडाव तसूभर हलेना. आता वाळूनं पळावं तर वेळ कुठं उरला होता? दूर तोंडाबाहेर आगबोट आली, थांबली, भोंगा दिला, आणि निघाली. घड्याळात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. ते इतकं अचूक होतं की त्यांना ते चिखलात फेकून द्यावंसं वाटलं.

 ताराबाई रुतत रुतत चिखलातून जाऊन कललेल्या पडावात बसली, ट्रंक मांडीवर घेऊन. राव म्हणाले, "तारा, घरी चल." ती हलली न्हाई.

पुढं दोघं अंबडला पोचली तेव्हा आईला जाऊन दीड दिवस झाला होता. आदल्या बोटीनं गेली असती तर भेट झाली असती. शेवटपर्यंत म्हातारी दाराकडं बघून "तारी आली का" विचारत होती म्हणे.

पण त्या दिवशी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. बाराच्या सुमारास पाणी चढलं आणि पडाव आपसूक सरळ होऊन तरंगायला लागला. ताराबाईनं नवऱ्याकडं पाह्यलं.

"पाणी आलं," ती म्हणाली. "चला न."

राव तिच्याशेजारी जाऊन बसले. समोर समुद्र मोकळा होता, आगबोट कुठंच नव्हती.