बाईंचा आवाज बसला तेव्हा

सत्यवतीबाई आमच्या मुलींच्या शाळेत आल्या तेव्हा मी दुसरीत होते. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, जेमतेम विशीच्या. शाळा लोकल बोर्डाची, देवळाशेजारच्या ओसरीत भरणारी. चार वर्ग आणि शिकवायला एकट्या बाई. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिंपल्या रंगवून अक्षरं मांडली, आणि आम्ही जेवण अर्धं टाकून शाळेत पळायला लागलो.

बाई कुणालाच नाही म्हणत नसत. प्रत्येक पाटी स्वतः तपासत. दुपारी आयांना अक्षरं गिरवायला बसवत. ज्यांचे नवरे मुंबईला गिरणीत होते त्या बायका पत्र लिहून घ्यायला कधीही येत, अगदी बाई चुलीपुढे असल्या तरी. आम्ही धाकटी भावंडं कडेवर घेऊन येत असू, तीही बाईच सांभाळत.

दिवाळीनंतर बाई बदलल्या. शिंपल्या कोपऱ्यात पडून राहिल्या. चार वर्गांवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला. एकदा सातचा पाढा मी चुकले आणि त्यांनी माझ्या हातावर पट्टी मारली. मी रडले नाही, पण बाईच मटकन खाली बसल्या.

पुढचं त्यांनीच मला खूप वर्षांनी सांगितलं. त्या शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर त्या चालत बोर्ली पंचतनला गेल्या. तिथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्य बाई होत्या कोकिळाबाई.

"मला राजीनामा द्यायचाय," सत्यवतीबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "मी शिकवायला लायक नाही. काल पोरीला मारलं."

कोकिळाबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "राजीनामा पुढच्या महिन्यातही देता येईल. आमच्याकडे यात्रेची सुट्टी आहे, सोमवारी मी तुझ्या शाळेत येते."

त्या खरंच आल्या. तासभर मागे बसून पाहत राहिल्या. मग बाईंना म्हणाल्या, "चारही वर्गांना तू एकदम शिकवतेस, म्हणून घसा बसतो. एका वेळी एकाच वर्गाला शिकव. बाकीच्यांच्या हाताला काम दे."

त्यांनी आम्हाला उठवून बसवलं. चौथी अंगणात गणितं सोडवायला, तिसरी कित्ता गिरवायला, आम्ही दुसरीतल्या चिंचोके मांडून बेरजा करायला. पहिली बाईंपुढे. गोष्ट आणि कविता मात्र सगळ्यांना एकत्र. पाट्या मुलींनी एकमेकींच्या पाहायच्या, बाईंनी त्यातल्या थोड्याच. ओसरी इतकी शांत झाली की समुद्र ऐकू आला. आम्ही एकमेकींकडे बघून हसायला लागलो.

"आणि पत्रं?" बाईंनी विचारलं.

"गुरुवारी, शाळा सुटल्यावर. आयांचा वर्गही त्याच दिवशी. एरवी शाळा सुटली की तूही सुटलीस."

दुसऱ्याच दिवशी मनुबाई भर वर्गात आली. "बाय, धन्याला दोन वळी लिवायच्या हायत."

"मनुबाई, गुरुवारी या. तेव्हा निवांत लिहीन."

"आज न्हाय व्हणार?"

"आज नाही."

मनुबाई फणकारून गेली. बाई पुन्हा पहिलीकडे वळल्या. गुरुवारी मनुबाई आली, वर सुकटीची पुडी घेऊन. बाईंनी तिचं पत्र चांगलं पानभर लिहिलं.

सगळं एकदम सुरळीत झालं नाही. आमच्यावर लक्ष ठेवायला नेमलेली चौथीतली केसर दादागिरी करायला लागली, तेव्हा बाईंनी ते काम दर आठवड्याला वेगळ्या मोठ्या मुलीला द्यायला सुरुवात केली. डेप्युटीसाहेबांची शाळातपासणी जवळ आली तशा त्या पुन्हा रात्र रात्र तक्ते काढायला लागल्या. कोकिळाबाईंनी आसपासच्या नव्या शिक्षिकांना महिन्यातून एकदा बोर्लीला बोलवायला सुरुवात केली होती. तिथे बाईंनी आपलं रडगाणं गायलं, तर बाकीच्याही तेच सांगत होत्या. त्यांनी तक्ते वाटून घेतले. प्रत्येकीने एकच काढायचा आणि सगळ्यांनी वापरायचा. बाई परतल्या त्या जवळजवळ धावतच.

तपासणीच्या दिवशी डेप्युटीसाहेबांनी मला सातचा पाढा विचारला. बाई पहिलीला शिकवत होत्या, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी पाढा म्हटला, मग कुणी न विचारता आठचाही म्हटला. साहेब हसले आणि म्हणाले, "पुरे, पुरे."

त्या संध्याकाळी बाई आम्हाला घेऊन किनाऱ्यावर आल्या. पदर खोचून त्या आमच्याबरोबर लंगडी खेळल्या, आणि केसरने त्यांना पहिल्याच डावात बाद केलं.