डोकं दुखत नव्हतं तेव्हा

आमचे वडील निजामाच्या काळात उर्दूतून गणित शिकवायचे, राज्य गेल्यावर मराठीतून. निवृत्त झाले तेव्हा आम्ही उमरग्यातच स्थायिक झालो होतो. मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत नोकरीला लागले होते.

निवृत्तीच्या वर्षी त्यांचं डोकं दुखायला लागलं. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला, तो बराच वाढलेला निघाला. सर्पगंधेच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन-तीन महिन्यांत आकडे खाली आले, डोकेदुखीही थांबली. नाक तेवढं चोंदायचं. मग एक दिवस वडिलांनी बाटली फडताळात मागं सरकवली. आई विचारायची, तर म्हणायचे, तब्येत ठणठणीत आहे, आता औषध कशाला? डॉक्टरांकडं जाणंही त्यांनी सोडलं. मीही काही बोलले नाही. ते खरंच बरे दिसत होते, आणि वडिलांना सांगायची आमच्या घरात रीत नव्हती.

चार-पाच महिने तसेच गेले. एका सकाळी ते मला पत्राचा मजकूर सांगत होते. मधेच शब्द अडकले, जड जिभेनं काहीतरी भलतंच निघालं. उजव्या हातातला चष्मा खाली पडला, बोटं वळेनात. आम्ही टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिथं पोचेपर्यंत जीभ सुटली होती, हातही हलत होता, बोटांत तेवढा पुरता जोर नव्हता. वडील डॉक्टरांना म्हणाले, "आता काही नाही. उगाच आणलं यांनी."

डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी आधी उजव्या, मग डाव्या दंडाला पट्टा बांधला. थोडं थांबून पुन्हा मोजलं. पाऱ्याची पट्टी वडिलांकडं फिरवली. वर दोनशे दहा, खाली एकशे वीस.

"गुरुजी, आत्ता डोकं दुखतंय?"

"नाही."

"आणि दाब एवढा आहे. तो आतून कळत नाही, मोजल्याशिवाय कळतच नाही. मागं आकडे उतरले होते ते गोळ्यांमुळं. आज मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ अडला होता. पुढच्या खेपेला तो परत सुरू होईलच असं नाही."

वडिलांनी पट्टीवरचा आकडा स्वतः वाचला. मग हळूच म्हणाले, "उत्तर बरोबर आलं म्हणून मी रीतच खोडून टाकली."

त्यांना त्या दिवशी ठेवून घेतलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, या औषधाला वेळ लागतो, झटक्यात काही होणार नाही. आकडे पुरते उतरायला तीन-चार आठवडे गेले. नाक चोंदल्याची तक्रार त्यांनी या वेळी डॉक्टरांनाच सांगितली, गोळी थोडी कमी झाली, पण सुटली नाही.

त्यानंतर दर पंधरवड्याला ते दवाखान्यात जात. बरं वाटत असलं तरी जात, किंबहुना तेव्हाच अधिक नेमानं. उजव्या हाताची पकड मात्र पूर्वीसारखी झाली नाही, अक्षर वाकडंच राहिलं. मला मात्र अजून वाटतं, त्या महिन्यांत मी एकदा तरी विचारायला हवं होतं.