धच्या पायाशी टिंब

दारव्ह्याजवळच्या तांड्यात भजन बसलं, की पहिला आवाज हंसाबाईचा असे. गळ्याच्या ऑपरेशननंतर तो आवाज जाड झाला, खाली उतरला. वरचा सूर लावायला गेली, की फाटायचा. मग ती पदर तोंडाशी धरून बायकांच्या मागे बसू लागली. कोणी विचारलंच तर म्हणे, “आता तुमी म्हना, मी टाळ धरतो.”

सून उज्ज्वला दर शनिवारी दारव्ह्याला इंदूबाईंकडे पेटी शिकायला जायची. एकदा तिनं आपल्या याडीला, म्हणजे सासूलाही, जीपमध्ये बसवलं. “याडी, नुसतं बसा. घरी काय करता एकट्या?”

इंदूबाई भूप रागाची सरगम शिकवत होत्या. हंसाबाईला वाचता येत होतं. सुनेच्या पुस्तकातली अक्षरं ओळखीची दिसली, तशी ती पेटीबरोबर हळूच गुणगुणू लागली. सा रे ग, ग रे सा जमलं. पुढचं अक्षर ध. मधलं सप्तक तिला ठाऊक होतं, म्हणून ती ‘प’च्याही वर उडी मारायला गेली आणि आवाज फाटला. समोरच्या दोन पोरी दचकून वळल्या. हंसाबाईनं पुस्तक मिटलं.

“बाई, माह्या गळ्यातून नाई निघत आता. कायले तरास द्यू तुमाले?”

इंदूबाईंनी आपल्या पेटीचा भाता थांबवला आणि पुस्तक पुन्हा उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. “ध नीट पाहा, हंसाबाई. त्याच्या पायाशी काय दिसते?”

“टिंब हाय. शाईचा डाग असन.”

“डाग नाही. डोक्यावर टिंब असलं, तर सूर वरच्या सप्तकातला, तार. टिंबच नसलं, तर मधला. अन् पायाशी असलं, तर खालचा, मंद्र. हा ध साच्या खाली उतरून घ्यायचा. तुम्ही उलटं वर चढल्या.”

हंसाबाईनं त्या टिंबावर बोट ठेवलं. “म्हंजे खालच्या सुरालेबी पुस्तकात जागा हाय?”

“पुरं सप्तक आहे. घ्या.”

उज्ज्वलानं तिच्या पेटीवर साथ धरली. ग, रे, सा... आणि हंसाबाई खाली उतरली. ध लागला. घट्ट, भरलेला, कुठं न थरथरता. त्याच्या खालचा ‘प’ही लागला. त्याच्याही पायाशी टिंब होतं. पोरी पुन्हा वळल्या, पण या वेळी नुसत्या ऐकत बसल्या. उज्ज्वलाची बोटं पेटीवर तशीच थांबली होती.

“काहून थांबली वं?” हंसाबाईनं डोळे पुसत विचारलं. “वाजव ना.”

त्यानंतर ती दर शनिवारी जाऊ लागली. पोळ्याच्या आधी तांड्यात भजन झालं, तेव्हा उज्ज्वलानं पेटीवर सा खालच्या पट्टीत धरला. बायकांनी आधी कुरकुर केली. मग हंसाबाईनं तोंडावरचा पदर काढला आणि पहिली ओळ म्हटली. बाहेर बाजेवर पडलेला तिचा नवरा नेमसिंग उठून बसला, दाराशी आला आणि भजन संपेपर्यंत तिथंच उभा राहिला.